सोबतच्या फोटोतला टॉवेल

ये गं, अशी जवळ सरक. मी कागदावरून बोलतेय म्हणून काय झालं, रस्त्यावरची पाटी वाचल्यासारखं वाचू नकोस. आणि आधी मला तुझ्यावर जरा रागवू दे. परवा फोनवर तू म्हणालीस, मावशी, एक मेल काय दोन-दोनदा वाचत बसायचा, चुकलं तर मशीनच लाल रेघ मारतं की. म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. पण फोन ठेवला आणि चहा टाकायचा म्हणून उठले ती ओट्यापाशी नुसती उभीच राहिले. तुझी काही चूक नाही. ती टॉवेलाची गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही. तू पुण्याला ऑफिसात बसून रोज अनोळखी माणसांना आपल्या मालाची ओळख करून देणारे मेल पाठवतेस, तेव्हा तुला तरी ती सांगायला हवी होती.

तुझे काका होते तेव्हा इथे सोलापूरच्या भवानी पेठेत आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, एक पायाने चालवायचं मशीन आणि अक्षरांचे खिळे ठेवायच्या दोन घोड्या. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, कुणाच्या वास्तुशांतीचं निमंत्रण. मी शाळा सातवीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मात्र शाळेत नाही शिकले, ते शिकले तिथे, मुद्रितं तपासता तपासता. काकांनी मला एक जुनं पोस्टकार्ड दिलं होतं. ते ओळीखाली धरायचं, म्हणजे पुढची ओळ दिसत नाही आणि डोळा पळत नाही. एकदा अक्षरं बघायची, मग परत पहिल्यापासून अर्थ बघायचा. शेवटी गिऱ्हाइकाला बसवून मोठ्याने वाचून दाखवायचं आणि खाली त्याच्याकडून लिहून घ्यायचं, 'छापावे', आणि सही. सही झाली की पुढची चूक गिऱ्हाइकाची, असा धंद्याचा नियम. तरी एकदा एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली, सही होती, पण काकांनी सगळ्या पत्रिका परत छापून दिल्या. मी म्हटलं, सही आहे की त्यांची. ते म्हणाले, सही त्यांची आहे, पण वाचलं तू होतंस. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

छापखाना बंद झाला, काका गेले, मशीन विकलं. माणसं मात्र येत राहिली. कुणाचा अर्ज, कुणाची सोसायटीची नोटीस, आणि गेली काही वर्षं मेल. फोनच्या काचेवर मी वाचत नाही, अक्षरं हाताखालून निसटतात. झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणा, म्हणते. पोस्टकार्ड अजून तेच आहे, कडा झिजल्या आहेत. आणि शेवटी 'पाठवावे' असं लिहून सही घेते. लोक हसतात, पण करतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला चार मागांचा एक कारखाना होता. होता म्हणते, कारण आता तो तसा राहिलेला नाही, ते पुढे येईलच. मालक पन्नाशीचा. घरात तेलुगू बोलायचे, आजोबा गिरणीच्या कामाला म्हणून आलेले, मग इथलेच झाले. टर्किश टॉवेल विणायचा, दुसरं काही नाही. मला अक्का म्हणायचा. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसं मोठ्याने बोलतात; हा उलटा, बोलायचाच नाही फार. त्याची बायको टॉवेलांच्या कडा शिवायची, घड्या घालायची, गठ्ठे बांधायची. ती बोलायची दोघांच्या वाटचं.

त्याचा सगळा माल वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याकडे जायचा. व्यापारी म्हातारा झाला, मुलांना कापडात रस नव्हता, त्यांनी दुकान बंद केलं. झालं. टॉवेल घरात साचायला लागले. आधी कारखान्यात, मग माडीवर, मग पलंगाखाली. ज्याने कधी विकायला म्हणून घराबाहेर पाऊल टाकलं नाही, त्या माणसाला वयाच्या पन्नाशीला गिऱ्हाईक शोधायची वेळ आली. त्याचा मेहुणा गाडी चालवतो, त्याने पुण्याकडच्या एका लॉजचं कार्ड आणून दिलं. तीन गावांत शाखा असलेलं मोठं लॉज, खरेदी बघणाऱ्या बाई वेगळ्या, त्यांचा मेलचा पत्ता कार्डावर.

भाद्रपदातली उन्हाची दुपार होती. तो कागद घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. मी आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं. पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, हे लॉज जुळलं तर माग ऱ्हातील. न्हाय जुळलं तर दिवाळीच्या आत भंगारवाल्याला बोलवावं लागंल. तुमी जरा बघा."

एवढं तो एका दमात बोललेला मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

कागद बघितला. फोनमध्ये बोलून लिहिलेला, पानभर, मध्ये एकही पूर्णविराम नाही. विषयाच्या जागी 'नमस्कार'. एका ओळीत 'आम्ही', पुढच्या ओळीत 'मी'. वाचणाऱ्या बाईंना आधी 'तुम्ही', मग 'आपण', एका जागी चक्क 'तू'. ते सगळं मी तासाभरात नीट केलं. 'आपण' एकदा धरलं की शेवटपर्यंत 'आपण'. वाक्यं तोडली. विषयात लिहिलं, लॉजसाठी सुती टॉवेल, नमुने पाठवण्याबाबत. म्हणजे बाईंना न उघडताच कळेल की आत काय आहे. कुणीतरी त्याला म्हणालं होतं, इंग्रजीत पाठव. मी म्हटलं, उलट फोन आला तर इंग्रजीत बोलशील? नाही ना, मग ज्या भाषेत उत्तर देता येतं त्या भाषेत लिही. लॉजचे मालक मराठीच होते.

अक्षरं झाली. मग अर्थ. आणि खरं काम तिथे होतं बघ, जे तुझं मशीन करत नाही.

त्याने लिहिलं होतं, जगप्रसिद्ध सोलापुरी टॉवेल, सर्वोत्तम दर्जा, कोणत्याही प्रमाणात माल त्वरित मिळेल, रंगाची पक्की गॅरंटी. मी एकेका शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारत गेले. सर्वोत्तम कुणी ठरवलं? काढला शब्द. कोणत्याही प्रमाणात म्हणजे किती? त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, आरामात महिन्याला दोन हजार. मग दोन हजार लिही. त्यांनी दहा हजार मागितले तर काय करशील? त्याला हसू आलं. म्हणाला, पळून जाईन की.

वजन किती, विचारलं तर म्हणाला, चांगलं भरतं. चांगलं म्हणजे काय? मग आम्ही दोघं तीन टॉवेल घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेलो आणि तराजूवर घातले. दुकानदार म्हणाला, काय अक्का, आता टॉवेल किलोवर विकायला काढले का. तिन्हींची वजनं थोडी थोडी वेगळी आली. मी म्हटलं, सगळ्यात कमी भरलं ते लिहायचं, आणि आधी 'किमान' लिहायचं. कुणी मोजून बघितलं तर जास्तच भरेल, कमी नाही. मला आठवतं, त्या दुपारी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

राहिला रंग.

निळ्या काठाचा टॉवेल हा त्याचा आवडता. पांढरंशुभ्र अंग आणि दोन्ही टोकांना निळा पट्टा. मी म्हटलं, पक्की गॅरंटी असं लिहिता येणार नाही, ते सगळेच लिहितात, त्यावर कोण विश्वास ठेवतो. तुला कशावरून माहीत की रंग जात नाही? तो म्हणाला, घरी वापरतो की अक्का, दोन वर्षं झाली. मी म्हटलं, आण तो टॉवेल. तो उठून गेला आणि घेऊन आला. बायकोने दोरीवरून काढून दिलेला, अजून उन्हाने गरम. अंग झिजलेलं, पण निळा पट्टा जसाच्या तसा. मी चष्मा लावून बघितला, उजेडात धरून बघितला. काठालगतच्या पांढऱ्यावर निळ्याचा डागसुद्धा नव्हता.

मी विचारलं, "हाच माल पाठवणार ना तू?"

"व्हय की," तो म्हणाला. "हाच माल."

मग मी ते वाक्य रचलं. खरं सांगते, आयुष्यात इतकी मुद्रितं तपासली, इतक्या लोकांची वाक्यं सरळ केली, पण ते वाक्य मला माझं वाटलं. टॉवेलाचा फोटो काढायला लावला, दोरीवर वाळत घातलेला. आणि पत्र असं झालं:

'सप्रेम नमस्कार. सोलापुरात आमचा चार यंत्रमागांचा लहान कारखाना आहे. आम्ही गेली बावीस वर्षे फक्त सुती टर्किश टॉवेल विणतो. माप तीस बाय साठ इंच, वजन किमान साडेचारशे ग्रॅम. पूर्ण पांढरा आणि निळ्या काठाचा, असे दोन प्रकार आहेत. सोबतच्या फोटोतला निळ्या काठाचा टॉवेल आमच्या घरी दोन वर्षे रोज वापरात आहे. त्याचा रंग गेलेला नाही. महिन्याला दोन हजार टॉवेल आम्ही देऊ शकतो. त्याहून मोठी मागणी वेळेत पूर्ण करता येणार नाही. आपली परवानगी असल्यास दोन्ही प्रकारचे तीन-तीन नमुने विनामूल्य पाठवू.'

खाली नाव, पत्ता, फोन. बस. पानभराचं दहा ओळींत आलं. दुसऱ्या दिवशी नवा कागद काढून आणला तेव्हा मी त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत होता. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, नीट वाच आणि मग सही कर. त्याने वाचलं नाही. "तुमी वाचलं म्हंजे झालं की, अक्का," म्हणाला, आणि 'पाठवावे'खाली सही केली.

चार दिवसांनी उत्तर आलं. तो कारखान्यातून माझ्याकडे चालत नाही आला, जवळजवळ धावत आला, केसांत सुताचे तंतू. लॉजच्या बाईंनी लिहिलं होतं, पत्र आवडलं, विशेषतः फोटो. टॉवेल विकणारे खूप लिहितात पण घरी वापरलेला टॉवेल कुणी दाखवला नव्हता. नमुने पाठवावेत. पसंत पडले तर तिन्ही शाखांसाठी दर महिन्याला माल लागेल. त्याच्या बायकोने मला घरी बोलावून चहा दिला, वर कुरमुऱ्याचा चिवडा. बशी पुढे करताना तिची बोटं निळी दिसली मला. टोकांना, नखांच्या कडेला. मी विचारलंसुद्धा नाही. वाटलं, पेनची शाई असेल, गठ्ठ्यांवर आकडे लिहिते. चिवडा खाल्ला आणि घरी आले.

नमुने गेले. मग वाट. आठवडा गेला, दुसरा गेला. तो रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जायचा आणि मान हलवायचा, अजून नाही. मागावर काम करणारे दोघे होते, त्यातला मंगळवेढ्याचा म्हणत होता, मालक काय ते सांगा, गावी ज्वारीच्या पेरणीचं बघायचं तर आत्ताच बघावं लागेल. याने त्याला थांबवून ठेवलं होतं. लॉजचं होईल, म्हणून.

मग एका सकाळी तो आला आणि फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, कागदावर आण. तो म्हणाला, कागदावर नको अक्का, हितंच वाचा. अक्षरं मोठी करून दिली.

बाईंनी सभ्य लिहिलं होतं, एकही शब्द वाकडा नाही. आपल्या पत्रात निळ्या काठाच्या टॉवेलाचा रंग गेलेला नाही असे लिहिले होते. आमच्या लाँड्रीत पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि सोबतच्या चादरींना लागला. पांढरे नमुने चांगले आहेत. वजनही आपण लिहिल्याप्रमाणे भरले. परंतु पत्रातील एक गोष्ट खरी ठरली नाही, त्यामुळे पुढे व्यवहार करणे आम्हाला जमणार नाही.

मी दोनदा वाचलं. सवय. एकदा अक्षरं, एकदा अर्थ. एकही चूक नव्हती.

मी म्हटलं, असं कसं होईल, तो टॉवेल मी डोळ्यांनी बघितला. गरम पाण्यात धुतात ते, मशीनमध्ये, म्हणून असेल. तो म्हणाला, असंल. तेवढ्यात त्याची बायको त्याला शोधत आली. तिने तोंडं बघितली, फोन बघितला, काय ते विचारलं. सांगितल्यावर ती जमिनीवरच बसली. आणि मग सावकाश बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी दोघं दोन दिवस काना-मात्रा बघत बसलात," ती म्हणाली. "किराण्याच्या तराजूवर टॉवेल मोजलात. मला एक शब्द विचारायचा व्हता. कडा मी शिवते. ह्या लॉटचा रंग हाताला लागतो, हे बघा की." आणि तिने हात पुढे केले. ती निळी बोटं.

नवरा म्हणाला, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "कुणी विचारलं? तुमी म्हणालात, घरातला जुना टॉवेल दे. मी दिला. कशाला पायजे ते सांगितलं का?"

तेव्हा कुठे उलगडलं. दोन वर्षांपूर्वीचं सूत ज्या रंगाऱ्याकडे रंगवलं होतं, तो महागातला पक्का रंग वापरायचा. त्याने काम बंद केलं. मग सूत दुसऱ्याकडे जायला लागलं, स्वस्तातल्या रंगात. इथे विणकर म्हणजे काय असतं ते तुला समजायला हवं. सूत तेच, माग तोच, नक्षी तीच, हात तोच, म्हणजे त्याच्या दृष्टीने माल तोच. रंग हा रंगाऱ्याचा विषय. सूत रंगून येतं आणि मागावर चढतं. तो ताणा बघतो, गाठी बघतो, रंगाचा विचार त्याच्या डोक्यात येतच नाही. 'हाच माल' म्हणाला तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या मनात खरोखर तो हाच माल होता.

पण माझं काय. हे मी त्याच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगते.

ते दोघं गेल्यावर मी कपाटातली फाईल काढली. तपासलेल्या कागदांची एक-एक प्रत मी ठेवते, छापखान्यातली सवय. त्यात सापडली. त्या रंगाऱ्याची नोटीस. सर्व कारखानदारांना कळवण्यात येते की आमचे रंगकाम कायमचे बंद करण्यात येत आहे, आपले शिल्लक सूत घेऊन जावे. दुसरीकडे छापायची होती, म्हणून खाली 'छापावे' आणि त्याची सही. आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा. 'शिल्लक'मधला ल मीच जोडला होता. वर्षभरापूर्वी मीच ती नोटीस तपासली होती, पोस्टकार्ड धरून, ओळ न् ओळ. अख्ख्या पेठेत कुणाला माहीत असायला हवं होतं तर ते मला. आणि टॉवेल उजेडात धरून बघताना मला ती आठवली नाही. मी त्याला एकच प्रश्न विचारला, हाच माल ना. हा माल रंगवला कुणी, एवढं विचारलं असतं तर तोच म्हणाला असता, अरे हो, रंगारी बदलला. निळ्याची ओळ काढून फक्त पांढरे टॉवेल लिहिले असते. आणि पांढरे बाईंना पसंतच पडले होते.

त्याने मोघम 'पक्की गॅरंटी' लिहिलं होतं, ते तसंच राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. असल्या शब्दांवर कुणी भरवसा ठेवत नाही आणि कुणी फसतही नाही. माझ्या वाक्यावर मात्र बाईंनी भरवसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे नोटीस घेऊन गेले आणि दाखवली. म्हटलं, चूक माझी आहे. तो कागद उलटसुलट करून बघत राहिला. "सही माझी हाय अक्का," म्हणाला. "माल माझा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर उठून माग बघायला गेला, बंद असलेला.

आम्ही एक पत्र आणखी लिहिलं. पहिल्यांदा तो म्हणत होता, रंगाऱ्याने फसवलं असं लिहू. मी नाही म्हटलं. रंगाऱ्याने कुठे सांगितलं होतं की रंग जाणार नाही म्हणून. मग लिहिलं की फोटोतला टॉवेल जुन्या रंगाचा होता, नंतर रंगारी बदलला, ते आम्ही तपासले नाही आणि आपल्याला कळवले नाही. चादरी खराब झाल्या त्याबद्दल माफी असावी. पांढऱ्या टॉवेलात रंगाचा प्रश्न येत नाही. आपण पुन्हा विचार केलात तर आभारी राहू. या वेळी मी त्याच्या बायकोलाही समोर बसवलं आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, ठीक हाय. तिचीही सही घेतली. तिने सही करायला वेळ लावला, प्रत्येक अक्षर वेगळं काढलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. आपले पत्र मिळाले. नोंद घेतली आहे.

त्यानंतर काही आलं नाही. त्याने आणखी दोन ठिकाणी लिहून बघितलं, माझ्याकडून तपासूनच. एका ठिकाणाहून उत्तर नाही, दुसऱ्यांना आधीचा पुरवठादार होता. दिवाळीच्या आधी भंगारवाला आला. चारातले दोन माग गेले. मी गॅलरीत उभी होते. मागाचा सांगाडा टेम्पोत चढवताना आडवं सूत नेणारा एक लाकडी धोटा खाली पडला, गटाराच्या कडेला. त्याने तो उचलला, शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. मंगळवेढ्याचा कामगार गावी गेला. पेरणीची वेळ तोवर निघून गेली होती, हे मला मागाहून कळलं. ते ऐकल्यापासून त्याच्या घरच्यांचा विचार येतो मनात, ज्यांना मी कधी बघितलं नाही.

माझ्याकडे येणं त्याने बंद केलं असतं तर मला समजलं असतं. पण येतो. काही लिहायचं असलं की येतो, कागद पुढे ठेवतो, तसाच अंगठ्याकडे बघत ऐकतो, सही करतो. वाचत अजूनही नाही. मी किती वेळा म्हणते, अरे बाबा, वाच. नुसती मान हलवतो. त्याचा तो विश्वासच मला आता जड होतो. मी पोस्टकार्ड ओळीखाली धरते आणि ओळ संपली तरी खाली सरकवत नाही. ह्यात काय विचारायचं राहिलं, हेच शोधत बसते. कधी एका कागदाला अख्खा दिवस लागतो. लोकांना वाटतं, अक्का थकली. काही जण आता येत नाहीत. फोनमध्येच तपासून घेतात, तुझ्यासारखे.

तो फोटोतला टॉवेल माझ्याकडे आहे. गेल्या संक्रांतीला त्याच्या बायकोने आणून दिला. म्हणाली, घरात नजरेला पडतो, तुमी ठेवा. मी वापरत नाही. पण महिन्यातून एकदा धुते आणि दोरीवर घालते. का धुते, ते मलाच सांगता येत नाही. कापड इतकं विरलंय की ऊन आरपार दिसतं, आणि पट्टा निळा तो निळाच.

तर असं आहे. हे वाचून आता मला फोन करून समजूत घालू नकोस. मला तुझी समजूत नको, तू हवी आहेस. ऑफिसात जे मेल पाठवतेस त्यातले दोन-तीन कागदावर काढून आण, मोठ्या अक्षरांत. आपण दोघी बसून वाचू, आणि त्यातल्या मालाला ज्यांचे हात लागतात त्यांनाही जमलं तर विचारू. येताना तुमच्या होस्टेलच्या बाईंना टॉवेल लागतात का तेही बघून ये. पांढरे सांगायचे, फक्त पांढरे. सकाळच्या एसटीने आलीस तर दुपारी माझ्या खिडकीतून मागाचा आवाज ऐकू येईल. पूर्वी चारांचा यायचा, तेव्हा आपण दोघी ओरडून बोलायचो, आठवतं? आता दोनांचा येतो, आणि परवापासून त्यातला एक मधूनच थांबतो. तेव्हा लवकर ये गं.